रिकार्डोचे चार आकडे

सन १८१७ मध्यें लंडन येथें डेव्हिड रिकार्डो याचा अर्थशास्त्राचीं मूलतत्त्वें आणि करपद्धति यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या सातव्या प्रकरणांत परदेशीय व्यापाराचें विवेचन चाललें असतां चार आकडे येऊन जातात: १००, १२०, ८० आणि ९०. शाळेंत अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांना हे आकडे आजहि शिकवावे लागतात. मुलें ते पाठ करतात, परीक्षेंत उतरवून देतात, आणि त्यांतील बरींच मुलें ज्या एका पायरीवर अडखळावयाचीं, त्या पायरीवर नेमकीं अडखळतात. ती पायरी कोणती, आणि हे आकडे मुळांत कोणत्या भांडणांतून जन्मास आले, हें समजलें म्हणजे सिद्धान्तहि समजतो व त्याच्या मर्यादाहि समजतात.

प्रथम शेतापासूनच आरंभ करावा. खानदेशांतील एखाद्या शेतकऱ्याचें काळ्या जमिनीचें एक शेत आहे. त्या शेताच्या एका एकरांत समजा सहा मण ज्वारी होते, किंवा ज्वारी न पेरतां कापूस लावला तर तीन मण कापूस होतो. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं घेतलेले आहेत. बी, बैल, नांगरट आणि निंदणी यांचा खर्च दोन्हीं पिकांना सारखाच येतो असेंहि घटकाभर धरावें. आतां एक मण कापसाची किंमत काय? शेतकरी म्हणेल, बियाण्याचे इतके, मजुरीचे इतके. पण अर्थशास्त्राचें उत्तर निराळें आहे. तीन मण कापसासाठीं त्याला सहा मण ज्वारी सोडावी लागली. म्हणून एक मण कापसाची खरी किंमत दोन मण ज्वारी होय. जी वस्तु मिळविण्यासाठीं हातची दुसरी उत्तम संधि सोडावी लागते, ती सोडलेली संधि हीच मिळविलेल्या वस्तूची किंमत. यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात.

येथें विद्यार्थ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयाच्या. सोडलेल्या संधि अनेक असल्या तरी त्यांची बेरीज करावयाची नाहीं. त्या एकरांत ज्वारीहि झाली असती, बाजरीहि झाली असती, तूरहि झाली असती. पण तीं सगळीं पिकें एकाच जमिनींत एकाच वेळीं झालीं नसतीं. त्यांतील जें सर्वांत फायद्याचें, तेवढेंच मोजावयाचें. दुसरी गोष्ट अशी कीं, जो पैसा अगोदरच खर्च होऊन गेला आणि आतां कसाहि निर्णय केला तरी परत यावयाचा नाहीं, तो या हिशेबांत धरावयाचा नाहीं. मागील वर्षीं बांध घालण्यास पैसे लागले म्हणून या वर्षीं कापूसच लावला पाहिजे, असें म्हणणें हा हिशेब नव्हे.

या कल्पनेची परीक्षा पश्चिम हिंदुस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर झाली. एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. उत्तरेकडील संस्थानांच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरें अडविलीं, आणि ज्या अमेरिकन कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत त्याचा पुरवठा तुटला. मुंबईच्या बाजारांत कापसाचे भाव अनेक पटींनीं वाढले. खानदेश, वऱ्हाड आणि गुजराथ येथील कित्येक शेतांत जेथें धान्य होत असे तेथें कापूस दिसूं लागला. आतां वरील शेतकऱ्याकडे पुन्हां पाहावें. त्याची जमीन तीच, पाऊस तोच, नांगरटीची मजुरी फारशी बदललेली नाहीं. तरीहि ज्वारी त्याला महाग पडूं लागली. पूर्वीं सहा मण ज्वारी पिकविण्यासाठीं तो तीन मण स्वस्त कापूस सोडीत होता. आतां तेवढ्याच ज्वारीसाठीं तीन मण सोन्यासारखा कापूस सोडावा लागत होता. खिशांतून एक पैहि अधिक गेली नाहीं आणि तरी खर्च वाढला. वैकल्पिक खर्च म्हणजे काय, हें याहून स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं.

त्याच उदाहरणाची दुसरी बाजूहि आहे. धान्याची जमीन कापसाखालीं गेल्यामुळें धान्य महागण्यास मदत झाली, आणि धान्य महागलें म्हणजे कापसासाठीं सोडलेल्या ज्वारीचीहि किंमत वाढते. म्हणून अशी अदलाबदल अनंत चालत नाहीं. एका ठिकाणीं दोन्हीं पिकें सारखींच फायद्याचीं होतात व तेथें ती थांबते. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि कापसाचा भाव कोसळला. मुंबईंत कंपन्या बुडाल्या, पेढ्या बसल्या. खेड्यांत ज्यानें चढत्या भावाच्या भरंवशावर कर्ज काढलें होतें, त्याचें कर्ज मात्र भावाबरोबर उतरलें नाहीं. पीक एका हंगामांत बदलतां येतें, कर्जरोखा बदलतां येत नाहीं. हिशेबांत भाव स्थिर धरला होता, येथें चूक होती.

आतां रिकार्डोकडे वळावें. त्याचा जन्म १७७२ सालीं लंडनमध्यें, मूळच्या पोर्तुगालांतील एका यहुदी घराण्यांत झाला. चौदाव्या वर्षींच तो बापाबरोबर रोखेबाजारांत काम करूं लागला. प्रेमविवाहामुळें १७९३ मध्यें त्याचें घराण्याशीं फाटलें, परंतु रोखेबाजारांत त्यानें स्वतःच्या बुद्धीवर विपुल संपत्ति मिळविली. १७९९ मध्यें बाथ येथें असतां ॲडम स्मिथचा ग्रंथ त्याच्या हातीं पडला, आणि तेव्हांपासून त्याला या शास्त्राचें वेड लागलें.

स्मिथनें १७७६ मध्येंच सांगितलें होतें कीं शिंपी आपले जोडे आपण शिवीत नाहीं, चांभाराकडून घेतो. त्याचप्रमाणें परदेशांतून स्वस्त मिळणारी वस्तु घरीं महाग करून बनविण्यांत शहाणपण नाहीं. हें सहज पटण्यासारखें आहे. पण एक शंका शिल्लक राहते. ज्या देशाला दोन्हीं वस्तु दुसऱ्यापेक्षां कमी श्रमांत करतां येतात त्यानें व्यापार कशासाठीं करावा? आणि ज्याला कोणतीच वस्तु स्वस्त करतां येत नाहीं त्याच्यापाशीं विकण्यासारखें तरी काय आहे? याच शंकेचें उत्तर ते चार आकडे देतात.

रिकार्डोनें असें कल्पिलें कीं, इंग्लंडांत ठराविक कापड करण्यास १०० माणसांचे एक वर्षाचे श्रम लागतात, आणि ठराविक मद्य करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालांत तेंच मद्य ८० माणसें करतात आणि तेंच कापड ९० माणसें करतात. म्हणजे दोन्हीं वस्तूंत पोर्तुगाल इंग्लंडाच्या पुढें आहे. विद्यार्थी अडखळतो तो येथें. तो ८० व १२० यांची तुलना करतो, ९० व १०० यांची तुलना करतो, आणि पोर्तुगालानें दोन्हीं करावींत असें उत्तर देऊन मोकळा होतो. त्यानें आकडे उभे वाचले. ते आडवे वाचावयास हवे होते. प्रत्येक देशाच्या आंतील दोन आकडे एकमेकांशीं ताडून पाहावयाचे असतात. शेताच्या उदाहरणांत कापसाची किंमत ज्वारींत काढली, तशी येथें कापडाची किंमत मद्यांत काढावयाची.

इंग्लंडांत कापडाचा एक नग करणाऱ्या १०० माणसांना मद्याकडे लाविलें तर मद्याचे सहा भागांपैकीं पांच भाग होतील. म्हणून इंग्लंडांत कापडाची किंमत पांच षष्ठांश मद्य. पोर्तुगालांत कापड करणारीं ९० माणसें मद्याकडे लाविलीं तर नऊ अष्टमांश, म्हणजे एकाहून अधिक मद्य होतें. तेव्हां पोर्तुगालाला कापडासाठीं अधिक मद्य सोडावें लागतें. कापड इंग्लंडांत स्वस्त आहे. श्रम इंग्लंडांत जास्त लागतात हें खरें, तरीहि सोडावें लागतें तें कमी. आणि जेथें कापड स्वस्त तेथें मद्य महाग असणारच. कारण एकाची किंमत दुसऱ्यांतच मोजली आहे. म्हणून ज्याला कशांतच तुलनात्मक लाभ नाहीं असा देश सांपडत नाहीं. दोन्हीं देशांतील प्रमाण अगदीं सारखेंच असेल, तेवढ्याच एका प्रसंगीं अदलाबदलीनें कोणाचाहि फायदा व्हावयाचा नाहीं.

आतां एक नग कापडास एक नग मद्य या दरानें व्यापार होऊं द्यावा. पूर्वीं दोन्हीं वस्तु घरीं करण्यास इंग्लंडास २२० माणसें लागत. आतां तो कापडाचेच दोन नग करतो, एक ठेवतो व एक देऊन मद्य घेतो. माणसें लागलीं २००. पोर्तुगालास पूर्वीं १७० लागत. आतां मद्याचे दोन नग करण्यास १६० पुरतात. एकाचीं २० माणसें मोकळीं झालीं, दुसऱ्याचीं १०. जिन्नस तेवढेच राहिले. दर बदलून पाहिला म्हणजे व्यापाराच्या सीमाहि दिसतात. कापडाच्या एका नगास पाऊण नगच मद्य मिळूं लागलें तर इंग्लंड माघार घेईल, कारण तेवढें मद्य तो घरींच ९० माणसांत करूं शकतो. मग १०० माणसांचें कापड कशाला द्यावें? उलट सव्वा नग मद्य मागितलें तर पोर्तुगाल माघार घेईल. तेवढ्या मद्यास त्याचीं १०० माणसें लागतात आणि कापड तर घरीं ९० मध्यें होतें. दर या दोन सीमांच्या मध्यें असला पाहिजे. मध्यें कोठें असेल, हें रिकार्डोनें सांगितलें नाहीं. तें पुढें १८४४ मध्यें जॉन स्टुअर्ट मिलनें सांगितलें: ज्याला दुसऱ्याच्या मालाची गरज अधिक, त्याच्या वाट्याला लाभ कमी.

हाच विचार माणसांना लावून रिकार्डोनें एक टीप दिली आहे. दोन कारागीर जोडे व टोप्या दोन्हीं करतात आणि त्यांतील एक दोहोंतहि सरस आहे. परंतु टोप्यांत तो एक पंचमांशानें सरस, तर जोड्यांत एक तृतीयांशानें. मग सरस माणसानें जोडे करावे आणि दुसऱ्यानें टोप्या, यांत दोघांचेंहि हित आहे. दुसरा कारागीर टोप्यांत सुद्धां मागेंच आहे. पण तेथें तो कमीतकमी मागें आहे.

हें सारें केवळ बुद्धीचा विलास म्हणून लिहिलेलें नव्हतें. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ मध्यें संपलें, आणि परदेशचा स्वस्त गहूं येऊन भाव पडतील या भीतीनें जमीनदारांच्या पार्लमेंटानें त्याच वर्षीं धान्याचा कायदा केला. गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहूं विक्रीस आणावयाचा नाहीं, असा तो निर्बंध होता. रिकार्डोचें म्हणणें असें कीं, लोकसंख्या वाढत असतां हा निर्बंध ठेविला तर अधिकाधिक हलकी जमीन नांगराखालीं आणावी लागेल. चांगल्या जमिनींत जो गहूं थोड्या श्रमांत होतो, त्याच गव्हाला माळरानांत पुष्कळ श्रम लागतात. आणि त्या प्रत्येक मजुराबरोबर गिरणींत होऊं शकणारें कापड हातचें जातें. गहूं महाग होतो, मजुरी चढते, कारखानदाराचा नफा घटतो, आणि चांगल्या जमिनीच्या मालकाचा खंड मात्र कांहीं न करतां वाढतो. विशेष हें कीं, १८१४ मध्यें गॅटकोम पार्कची जहागीर विकत घेऊन रिकार्डो स्वतःहि जमीनदार झाला होता. त्याचा युक्तिवाद त्याच्याच खंडाच्या विरुद्ध होता.

रिकार्डो १८२३ मध्यें वारला. त्यानंतर १८३८ पासून मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीं कॉब्डेन व ब्राइट यांच्या नेतृत्वाखालीं चळवळ केली, आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला, आणि १८४६ मध्यें पंतप्रधान पील यानें धान्याचे कायदे रद्द करविले. परंतु गहूं लगेच स्वस्त झाला नाहीं. आगगाड्या आणि आगबोटी यांनीं अमेरिकेचा गहूं लोटला तो १८७० नंतर. त्या वेळीं शहरांतील मजुराची भाकरी स्वस्त झाली खरी, परंतु इंग्लंडांतील गहूं पिकविणारा शेतकरी बसला आणि शेतमजुरांना गांव सोडावें लागलें. चार आकड्यांच्या हिशेबांत जीं २० माणसें मोकळीं होतात, त्यांचें पुढें काय होतें हें लिहिलेलें नाहीं. तीं लगेच दुसऱ्या कामास लागतात असें तेथें गृहीत धरलेलें आहे. देशाचा लाभ आणि देशांतील प्रत्येकाचा लाभ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें शिक्षकानें येथें सांगावयास हवें.

दुसरी मर्यादा त्या आकड्यांच्या उगमांतच आहे. कापड आणि मद्य यांचा व्यापार रिकार्डोनें हवेंतून आणलेला नाहीं. १७०३ मध्यें जॉन मेथ्यूएन यानें केलेल्या तहान्वयें पोर्तुगालानें इंग्रजी लोंकरी कापडास आपली बाजारपेठ खुली केली होती आणि इंग्लंडानें पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्याच्या दोन तृतीयांशच जकात घेण्याचें कबूल केलें होतें. म्हणजे ज्याला निसर्गाची विभागणी म्हणावयाचें, त्यांत राजकारणाचाहि हात होता. सुती कापडाची कथा तर हिंदी वाचकास अधिक जवळची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानचें छिटाचें कापड युरोपांत इतकें खपत असे कीं, इंग्लंडानें १७०० आणि १७२१ मध्यें कायदे करून त्याचा वापर रोखला. पुढें आर्कराइटचें चातीयंत्र १७६९ मध्यें आणि क्रॉम्प्टनचें यंत्र १७७९ मध्यें निघालें, आणि लँकेशायरचें सूत स्वस्त झालें. कापडाचा आकडा इंग्लंडाच्या कपाळीं जन्मतः लिहिलेला नव्हता. तो मागाहून कमावलेला होता.

नेमक्या याच जागीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बोट ठेविलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८९२ मध्यें हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, उष्ण देशांनीं कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण देशांनीं त्याचा पक्का माल करावा, ही वांटणी निसर्गनियम म्हणून हिंदुस्थानावर लादतां येणार नाहीं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्ट यानें १८४१ मध्यें नव्या धंद्यांस संरक्षण देण्याचा पक्ष मांडला होता. या आक्षेपानें रिकार्डोचें अंकगणित खोटें ठरत नाहीं. तें आजच्या आकड्यांचें उत्तर देतें; उद्यांचे आकडे कसे बदलतील हें त्याला विचारलेलेंच नव्हतें. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंत कापसाची गिरणी काढण्याचा उपक्रम केला, तेव्हां यंत्रें, कोळसा आणि जाणते कारागीर सारेंच बाहेरून आणावें लागे. नागपुरास कापसाच्या मुलखांतच १८७७ मध्यें जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच चीनच्या बाजारांत मुंबईचें जाडें सूत लँकेशायरच्या सुताला मागें सारूं लागलें होतें.

मग नव्या धंद्यास संरक्षण द्यावें कीं नाहीं? येथेंहि वैकल्पिक खर्चच हिशेब करून देतो. जकातीमुळें जो माल महाग झाला, त्यासाठीं गिऱ्हाइकानें दुसरें कांहीं तरी सोडलें. तो शेतकरी असेल तर त्यानें कदाचित् नवा नांगर सोडला असेल. पुढें कारखाना स्वतःच्या पायांवर उभा राहून जें देईल, तें या सोडलेल्यापेक्षां अधिक असलें पाहिजे. हिंदुस्थानांत १९२३ मध्यें विवेचक संरक्षणाचें धोरण स्वीकारलें गेलें, त्याच्या मुळाशीं तीन अटी होत्या: धंद्यास कच्चा माल व मजूर यांसारखी नैसर्गिक अनुकूलता असावी; मदतीशिवाय तो वाढण्यासारखा नसावा; आणि कालांतरानें संरक्षणावांचून जगाशीं टक्कर देण्यास तो समर्थ व्हावा. पोलादास या धोरणाखालीं १९२४ मध्यें संरक्षण मिळालें. पहिली अट रिकार्डोची, दुसरी रानड्यांच्या पक्षाची, आणि तिसरी दोघांनाहि मान्य व्हावी अशी आहे.

आतां राहिला शब्दांचा इतिहास. रिकार्डोनें सारा हिशेब श्रमांत केला, कारण वस्तूचें मोल श्रमावरून ठरतें असें तो बहुतांशीं मानीत असे. पुढें ऑस्ट्रियन पंडित वीझर यानें सोडलेल्या उपयोगावरून खर्च मोजण्याची दृष्टि दिली, १८९४ मध्यें ग्रीन नांवाच्या अमेरिकन लेखकानें आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच वैकल्पिक खर्चाची संज्ञा वापरली, आणि १९३३ मध्यें हाबर्लर यानें रिकार्डोचा सिद्धान्त श्रमाचा आधार काढून घेऊन केवळ याच भाषेंत पुन्हां मांडला. तेव्हां मुलांस शिकवितांना प्रथम शेत द्यावें आणि मागून चार आकडे द्यावे, हा क्रम इतिहासाच्या उलट असला तरी समजुतीस सोपा आहे. ज्यानें एका एकरांतील ज्वारी व कापूस नीट ताडून पाहिलीं, तो ते आकडे आडवेच वाचील. आणि आडवे वाचून झाल्यावर, मोकळीं झालेलीं माणसें कोठें गेलीं आणि हे आकडे कालहि असेच होते काय, हे दोन प्रश्न त्यानें विचारले म्हणजे त्याचा धडा पुरा झाला.